गिलाव्याचा दर: हजेरीपासून चौरस मीटरपर्यंत

विटांच्या भिंतीला आतून करायच्या सिमेंट गिलाव्याचा दर तीन खर्चांच्या बेरजेतून तयार होतो. पहिला खर्च सिमेंट आणि वाळूचा. दुसरा गवंडी आणि बिगारी यांच्या हजेऱ्यांचा. तिसरा परांची, अवजारे, पाणी, देखरेख आणि ठेकेदाराचा नफा यांचा. हे खर्च एका ठरावीक क्षेत्रफळासाठी वेगवेगळे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि शेवटी त्या क्षेत्रफळाने भागून एका चौरस मीटरचा दर काढायचा, या पद्धतीला दर पृथक्करण म्हणतात. सरकारी बांधकाम खात्यांच्या दरसूचीतले आकडे याच पद्धतीने बसवलेले असतात आणि घर बांधणाऱ्या माणसालाही ही पद्धत कागद-पेन्सिलीने वापरता येते.

इथे उदाहरणासाठी नेहमी होणारे काम घेतले आहे: विटांच्या भिंतीवर आतल्या बाजूने १२ मिलिमीटर जाडीचा, एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू या प्रमाणातला एक हाती गिलावा. हिशेबाचे एकक १० चौरस मीटर धरले आहे. साधारण तीन मीटर उंच आणि सव्वातीन-साडेतीन मीटर लांब भिंतीची एक बाजू म्हणजे एवढे क्षेत्रफळ. एकाच चौरस मीटरचा हिशेब मांडला तर आकडे फार बारीक होतात आणि दशांश चिन्ह चुकण्याची भीती राहते, म्हणून १० चौरस मीटर सोयीचे पडते.

आधी मोजमाप

दर चौरस मीटरचा असतो, पण रक्कम ठरते ती किती चौरस मीटर मोजले यावरून. दारे-खिडक्यांची वजावट कशी करायची याचे नियम भारतीय मानक आयएस १२०० च्या बाराव्या भागात दिले आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीची वजावट करत नाहीत. अर्ध्यापेक्षा मोठी पण तीन चौरस मीटरपर्यंतची उघाडी असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा गिलावा असेल, तर वजावट एकाच बाजूची करतात. दुसऱ्या बाजूचे क्षेत्रफळ कापत नाहीत, कारण दाराच्या कडांना, वरच्या बाजूला आणि खिडकीच्या तळाला जो गिलावा होतो त्याचा मोबदला त्यातूनच धरला जातो. तीन चौरस मीटरपेक्षा मोठ्या उघाडीची वजावट दोन्ही बाजूंची होते आणि कडांचा गिलावा स्वतंत्र मोजून मिळवतात.

पाच मीटर लांब, तीन मीटर उंच अशी मधली भिंत घेतली तर दोन्ही बाजू मिळून ३० चौरस मीटर होतात. तिच्यात १ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दार असेल तर एकाच बाजूचे २.१ चौरस मीटर वजा करायचे. मोजमापात येतात २७.९ चौरस मीटर. बरेच मजूर ठेकेदार मात्र दार-खिडकी न कापता सलग भिंत मोजतात. ती पद्धत आधी ठरलेली असेल तर चालते, पण मग दराची तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो. घासाघीस करून दोन रुपये कमी केलेला दर मोजमापातून परत वसूल होऊ शकतो.

सिमेंट आणि वाळू किती

दहा चौरस मीटरवर १२ मिलिमीटरचा थर म्हणजे १० गुणिले ०.०१२, अर्थात ०.१२ घनमीटर ओला मसाला. पण विटांची भिंत काचेसारखी सपाट नसते. सांधे खरवडून आत नेलेले असतात, एखादी वीट पुढे तर एखादी मागे असते. हे खड्डे भरायला साधारण २० टक्के मसाला जादा लागतो. त्यामुळे ०.१२ चे ०.१४४ घनमीटर होतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर पृथक्करणातही १० चौरस मीटरच्या १२ मिलिमीटर गिलाव्यासाठी ०.१४४ घनमीटर मसालाच धरला आहे.

हे आकारमान कालवलेल्या ओल्या मसाल्याचे झाले. सिमेंट आणि वाळू मात्र कोरडी मोजतात. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. पाणी घालून कालवल्यावर सिमेंट त्या पोकळ्यांत शिरते आणि एकूण आकारमान घटते. ही घट भरून काढण्यासाठी ओल्या आकारमानात सुमारे एक तृतीयांश वाढ धरतात. ०.१४४ ला १.३३ ने गुणले की ०.१९२ घनमीटर कोरडे मिश्रण येते.

आता प्रमाण लावायचे. एक आणि सहा मिळून सात भाग झाले. ०.१९२ चा सातवा भाग म्हणजे ०.०२७४ घनमीटर सिमेंट. सुट्या सिमेंटचे वजन घनमीटरला १,४४० किलो धरतात, म्हणून सिमेंट झाले सुमारे ३९.४ किलो. पन्नास किलोच्या गोणीच्या हिशेबात ०.७९ गोणी. गोणी उघडताना आणि कालवताना थोडे सांडते, म्हणून ०.८ गोणी धरणे योग्य. वाळू येते सहा भाग, म्हणजे ०.१६४ घनमीटर. चाळताना निघणारे खडे आणि जमिनीवर राहणारा गाळ यांसाठी दहा टक्के जादा धरले की ०.१८ घनमीटर होते.

वाळूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. दमट वाळू फुगलेली असते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि घमेले भरलेले दिसले तरी त्यात वाळू कमी असते. याची परीक्षा सोपी आहे. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत २०० मिलिमीटर उंचीपर्यंत दमट वाळू सैल भरायची, वर पाणी ओतून ढवळायचे आणि वाळू खाली बसू द्यायची. तिची उंची १६० मिलिमीटर भरली, तर वाळू २५ टक्के फुगलेली होती असे समजायचे. अशा वाळूची सहा घमेली म्हणजे प्रत्यक्षात पाचापेक्षाही कमी. कालवताना ती तशीच मोजली तर मिश्रणात सिमेंटचे प्रमाण वाढते आणि गोण्या हिशेबापेक्षा लवकर संपतात. गाडीने विकत घेताना मोजली तर पैसे वाळूचे जातात आणि पदरी हवा पडते.

हजेऱ्या कशा काढायच्या

साहित्याचा हिशेब भूमितीवर चालतो, म्हणून तो सगळीकडे जवळपास सारखाच येतो. मजुरीचा हिशेब कामाच्या वेगावर चालतो. एक गवंडी दिवसात किती चौरस मीटर गिलावा पुरा करतो, हा या सगळ्या गणितातला कळीचा आकडा आहे. तो पुस्तकातून घेता येतो, पण शक्य तिथे साइटवर मोजून घेतलेलाच चांगला.

त्यासाठी आधी गवंड्याचा दिवस कसा जातो हे पाहिले पाहिजे. भिंतीवर आधी ठिय्ये मारतात. साधारण १५ सेंटिमीटर चौरसाचे मसाल्याचे तुकडे दोन-दोन मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, ओळंब्यात आणि दोरीत बसवले जातात. त्यांची पातळी हीच पुढे सगळ्या गिलाव्याची पातळी. मग वरून खाली काम सुरू होते. थापीने मसाला जोरात मारायचा, ठिय्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी टेकवून ती डावी-उजवी हलवत वर ओढायची, कमी असेल तिथे भरायचे आणि पाणी थोडे सुकल्यावर रंध्याने घासून पृष्ठभाग एकसारखा करायचा. शेवटी कोपरे आणि दाराच्या कडा धरायच्या. या कडांना क्षेत्रफळ थोडे पण वेळ फार लागतो.

दोन गवंडी आणि तीन बिगारी अशी जोडी घेऊ. एक बिगारी वाळू चाळतो आणि मसाला कालवतो, दुसरा घमेली वाहतो, तिसरा परांचीवर मसाला पोहोचवतो आणि पाणी पुरवतो. समजा, या जोडीने पहिल्या दिवशी १६, दुसऱ्या दिवशी २१ आणि तिसऱ्या दिवशी २३ चौरस मीटर गिलावा पुरा केला. तीन दिवसांत ६० चौरस मीटर झाले. पहिला दिवस कमी भरला, कारण परांची लावण्यात आणि ठिय्ये मारण्यात त्याचा बराच भाग गेला. म्हणूनच एका दिवसाची नोंद घेऊन दर ठरवू नये. तिसऱ्या दिवसाचा वेग धरला तर हजेऱ्या कमी येतात, पहिल्या दिवसाचा धरला तर उगाच वाढतात. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतची सरासरी हाच खरा वेग.

गवंड्याच्या हजेऱ्या झाल्या दोन गुणिले तीन, म्हणजे सहा. सहा भागिले साठ, म्हणजे चौरस मीटरला ०.१ हजेरी. दहा चौरस मीटरला एक. आठ तासांचा दिवस धरला तर गवंड्याची ४८ मिनिटे एका चौरस मीटरवर खर्च होतात. बिगाऱ्यांच्या हजेऱ्या तीन गुणिले तीन, नऊ. त्या साठने भागल्या की ०.१५, म्हणजे दहा चौरस मीटरला दीड.

पण बिगाऱ्याचे काम एवढ्यावर संपत नाही. गिलावा सुरू होण्याआधी सांधे खरवडणे, काँक्रीटच्या खांबांना व तुळयांना टाचा मारणे, भिंत झाडून ओली करणे आणि परांचीचे सामान आणणे हे सगळे त्याच्याकडेच असते. ६० चौरस मीटरला यासाठी दीड हजेरी धरली तर दहा चौरस मीटरला पाव हजेरी येते. गिलावा झाल्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज एक तास धरला तर सात तास होतात, म्हणजे एका हजेरीला थोडी कमी. दहा चौरस मीटरला ती सुमारे ०.१५ भरते. अशा रीतीने बिगाऱ्याची एकूण हजेरी दीड, पाव आणि ०.१५ मिळून १.९ होते. पाणी मारण्याची हजेरी हिशेबात धरली नाही तर ती प्रत्यक्षातही दिली जात नाही आणि गिलावा कोरडाच राहतो. दर पृथक्करणात तिची स्वतंत्र ओळ असावी, ती याच कारणासाठी.

हजेऱ्या आणि कामाचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६० चौरस मीटरला गवंड्याच्या सहा हजेऱ्या लागतात. दोन गवंडी असतील तर काम तीन दिवस चालेल, तीन असतील तर दोन दिवस. खर्च हजेऱ्यांवर ठरतो, गवंड्यांच्या संख्येवर नाही. मात्र एका खोलीत पाच गवंडी दाटीवाटीने लावले तर प्रत्येकाचा वेग घटतो आणि हजेऱ्या वाढतात.

दर मांडू या

पुढचे भाव हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचे आजचे भाव घालायचे. सिमेंटची गोणी ३८० रुपये, वाळू घनमीटरला १,७०० रुपये, गवंड्याची हजेरी ९०० रुपये आणि बिगाऱ्याची ६०० रुपये धरली आहे. वाळू ब्रासने घेतली असेल तर ब्रासचा भाव २.८३ ने भागायचा. ४,८०० रुपये ब्रास म्हणजे जवळपास १,७०० रुपये घनमीटर.

| बाब (१० चौरस मीटरसाठी) | परिमाण | भाव (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|
| सिमेंट | ०.८ गोणी | ३८० | ३०४ |
| वाळू | ०.१८ घनमीटर | १,७०० | ३०६ |
| गवंडी | १ हजेरी | ९०० | ९०० |
| बिगारी | १.९ हजेरी | ६०० | १,१४० |
| परांची, अवजारे, किरकोळ | ठोक | | ६० |
| बेरीज | | | २,७१० |
| पाणी, १ टक्का | | | २७ |
| वरखर्च व नफा, १५ टक्के | | | ४११ |
| एकूण | | | ३,१४८ |

दहाने भागले की चौरस मीटरचा दर आला सुमारे ३१५ रुपये. एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट असतात, म्हणून हाच दर चौरस फुटाला २९ रुपये २५ पैशांच्या आसपास पडतो. पाण्यासाठी एक टक्का आणि ठेकेदाराचा वरखर्च व नफा मिळून १५ टक्के, हे प्रमाण केंद्रीय बांधकाम विभागाच्या पद्धतीतले आहे. घरमालक स्वतः साहित्य आणून, स्वतः देखरेख करून, हजेरीवर माणसे लावत असेल तर शेवटची ओळ गळते. त्याचा खर्च चौरस मीटरला २७४ रुपयांच्या जवळ राहतो. जीएसटी किंवा इतर कर लागू होत असतील तर ते या बेरजेवर वेगळे चढवायचे.

या मांडणीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मजुरीचा वाटा आहे. साहित्य ६१० रुपयांचे, मजुरी २,०४० रुपयांची. २,७१० रुपयांच्या बेरजेत मजुरी तीन चतुर्थांश आहे. त्यामुळे गिलाव्याचा दर कशाने हलतो हे समजून घ्यायचे तर गोणीच्या भावापेक्षा हजेरीच्या वेगाकडे पाहावे लागते.

दर कशाने हलतो

एकेक गोष्ट बदलून पाहिली की हे स्पष्ट होते. मसाल्याचे प्रमाण एकास सहाऐवजी एकास चार केले, तर दहा चौरस मीटरला सिमेंट ०.८ गोणीवरून सुमारे १.१२ गोणीवर जाते आणि वाळू थोडी कमी होते. पाणी आणि नफा धरून दर चौरस मीटरला १२ रुपयांच्या आसपास वाढतो. गिलाव्याची ताकद बरीच वाढते, दर मात्र चार टक्क्यांहून कमीच वाढतो.

आता वेग बदलून पाहू. गवंडी दिवसाला १० ऐवजी ८ चौरस मीटर काम करत असेल, तर गवंड्याची हजेरी एकवरून सव्वा होते. बिगाऱ्याची तयारी आणि पाणी मारण्याची हजेरी तेवढीच राहते, पण मसाला पुरवण्याची दीडवरून १.८७५ होते. मजुरी २,०४० वरून २,४९० रुपये होते आणि दर चौरस मीटरला ५२ रुपयांनी वाढतो. सिमेंटच्या प्रमाणातल्या बदलाच्या चौपटीहून हा फरक मोठा आहे. खोल्या लहान असणे, कोपरे जास्त असणे, मसाला वेळेवर न पोहोचणे, दुसऱ्या मजल्यावर पाणी नसणे, वीजवाहिन्यांच्या खोबणी गिलाव्यानंतर खोदून पुन्हा भराव्या लागणे या सगळ्या कारणांनी वेग कमी होतो. छताच्या गिलाव्यात गवंड्याला डोक्यावर हात करून काम करावे लागते, त्यामुळे त्याचा वेग भिंतीपेक्षा कमी असतो. भिंतीचा दर छताला लावणे चूक आहे. त्याचे पृथक्करण वेगळे करावे.

तिसरी गोष्ट भिंतीची सरळता. वीटकाम ओळंब्यात नसेल तर भिंतीच्या एका टोकाला १२ मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला २५ मिलिमीटर गिलावा चढवावा लागतो. सरासरी जाडी १८ मिलिमीटर झाली असे धरू. सांधे भरायला लागणारा मसाला तेवढाच राहतो, पण एकूण मसाला ०.१४४ वरून ०.२०४ घनमीटर होतो. साहित्याचा खर्च ६१० वरून ८६४ रुपयांच्या आसपास जातो आणि फक्त साहित्यामुळेच दर चौरस मीटरला २९-३० रुपयांनी वाढतो. जाड थर एका हाताने चढत नाही, तो स्वतःच्या वजनाने खाली घसरतो, म्हणून दोन हात द्यावे लागतात आणि मजुरीही वाढते. वीटकामात वाचवलेली मेहनत अशी गिलाव्यात दामदुपटीने भरावी लागते. गिलावा सुरू करण्याआधी वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडून भिंत तपासली तर सरासरी जाडी किती धरायची हे आधीच कळते.

हिशेब कुठे चुकतो आणि कसे ओळखावे

सगळ्यात जास्त आढळणारी चूक ओल्या आणि कोरड्या आकारमानाची सरमिसळ करण्याची. ०.१४४ घनमीटरचे थेट सात भाग केले तर सिमेंट ३० किलोच्या आसपास येते, म्हणजे गरजेपेक्षा पाव भाग कमी. प्रत्यक्षात गोण्या कमी पडू लागल्या की साइटवर चोरीचा किंवा उधळपट्टीचा संशय येतो, पण चूक कागदावर असते. उलट गोण्या हिशेबापेक्षा बऱ्याच उरल्या तर वाळू जास्त पडली किंवा थर पातळ दिला गेला, हे तपासावे. म्हणून रोजच्या वहीत चार आकडे असावेत: किती चौरस मीटर पुरे झाले, गवंडी किती, बिगारी किती आणि किती गोण्या फुटल्या. दहा चौरस मीटरमागे ०.८ गोणी हे प्रमाण दोन-तीन दिवस सातत्याने बदललेले दिसले की कारण शोधता येते.

दुसरी चूक वाया जाणाऱ्या मसाल्याची. पाणी घातल्यानंतर सिमेंटचा मसाला अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. जेवणाच्या सुट्टीआधी मोठा ढीग कालवला तर उरलेला मसाला घट्ट होतो. त्यात पुन्हा पाणी घालून वापरला तर गिलावा ठिसूळ होतो, फेकला तर सिमेंट वाया जाते. दोन्हीचा खर्च हिशेबात धरलेला नसतो.

तिसरी चूक एककांची. वाळूही ब्रासने मोजतात आणि गिलावाही, पण वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट आणि गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, अर्थात ९.२९ चौरस मीटर. ब्रासचा दर दहाने भागून चौरस मीटरचा दर समजला तर सात टक्क्यांची चूक होते. दर साहित्यासह आहे की फक्त मजुरीचा, परांची आणि पाणी मारणे कोणाकडे, हेही दरासोबत लिहून घ्यावे.

काम झाल्यावर दर पृथक्करणात धरलेले कष्ट भिंतीवर उतरले का, हे पाहता येते. गिलावा वाळल्यावर त्यावर लाकडी दांड्याने हलके ठोकले आणि पोकळ आवाज आला, तर तिथे गिलावा भिंतीला चिकटलेला नाही. भिंत नीट ओली केली नव्हती, झाडली नव्हती किंवा काँक्रीटला टाचा मारल्या नव्हत्या, ही त्याची नेहमीची कारणे. तयारीची पाव हजेरी वाचवलेली असते ती इथे सापडते. पृष्ठभागावर बोट घासल्यावर वाळू सुटत असेल तर सिमेंट कमी पडले आहे किंवा पाणी मारलेले नाही.

दर हातात आल्यावर

साठ चौरस मीटरच्या कामाला हा हिशेब लावला तर सिमेंट ४.८ म्हणजे पाच गोण्या, वाळू १.०८ घनमीटर म्हणजे ०.३८ ब्रास, गवंड्याच्या सहा आणि बिगाऱ्याच्या ११.४ हजेऱ्या लागतात. ठेकेदाराकडून साहित्यासह करून घेतले तर ३१५ रुपयांच्या दराने रक्कम १८,९०० रुपये होते.

फक्त मजुरीच्या दराची पारख करतानाही हेच आकडे कामी येतात. एका मजूर ठेकेदाराने चौरस फुटाला २२ रुपये मागितले असे धरू. चौरस मीटरला ते २३७ रुपये झाले. पृथक्करणानुसार हजेऱ्यांचे २०४ आणि परांची-अवजारांचे ६ मिळून २१० रुपये लागतात. उरलेले २७ रुपये त्याचा वरखर्च आणि नफा, म्हणजे सुमारे १३ टक्के. मागणी रास्त आहे.

दुसऱ्याने १४ रुपये मागितले तर चौरस मीटरला १५१ रुपये झाले. तयारी आणि पाणी मारण्याच्या बिगाऱ्याच्या हजेरीचे २४ रुपये काढले की गिलावा करणाऱ्या जोडीसाठी १२७ रुपये राहतात. दोन गवंडी आणि तीन बिगारी यांच्या एका दिवसाची मजुरी ३,६०० रुपये आहे. ती भागवायला या जोडीला रोज २० ऐवजी २८ चौरस मीटरपेक्षा जास्त काम उरकावे लागेल, आणि तेही परांचीचा खर्च व नफा न धरता. एवढा वेग ठिय्ये न मारता, पट्टी न फिरवता किंवा पाणी मारणे सोडूनच साधतो. मजुरीचा दर हजेऱ्यांच्या हिशेबात बसत नसेल, तर तो कितीही कमी वाटला तरी स्वीकारू नये, कारण त्यात कमी पडलेल्या हजेऱ्या भिंतीवरच्या कामातून कापल्या जातात.